होम बेकरीचा इन्स्टा बायो: शब्द शोधण्याआधी फ्रिज उघडून बघा

प्रश्न: "मी ठाण्यात मानपाड्याला राहते. घरूनच केक, ब्राउनी, कुकीज करते. बायोत `Baked with love | Cakes, Brownies, Cookies & more | DM to order` असं लिहिलंय आणि खाली सात लिंकांचं एक पान जोडलंय. लोक प्रोफाइल उघडतात, लाइक करतात, पण ऑर्डर येते ती ओळखीतूनच. बायो पाचदा बदलून झाला. नक्की काय लिहू?"

उत्तर:

वाघबीळला राहणाऱ्या एखाद्या आईच्या नजरेने तुमचा बायो वाचून बघा. आज बुधवार आहे, शनिवारी लेकाचा वाढदिवस आहे, घरात सासूबाई अंडं खात नाहीत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचं हँडल टाकलंय. ती प्रोफाइल उघडते. तिला तीनच गोष्टी हव्या असतात: केक एगलेस आहे का, वाघबीळपर्यंत पोचेल का, आणि शनिवारपर्यंत होईल का. तुमच्या बायोत यातल्या एकाचंही उत्तर नाही. मग ती लिंक दाबते, तर समोर सात बटणं: मेन्यू, फोटो, यूट्यूब, रिव्ह्यू, व्हॉट्सअॅप, फेसबुक, दिवाळी हॅम्पर. कुठलं दाबायचं हे ठरवायला तिच्याकडे वेळ नसतो. कुकर झालेला असतो, गॅस बंद करायचा असतो. ती ग्रुपवर परत जाते आणि दुसरं हँडल उघडते.

ऑर्डर ओळखीतूनच का येते, तेही इथेच आहे. तुमच्या मैत्रिणीच्या जावेला ही तिन्ही उत्तरं आधीच ठाऊक असतात. अनोळखी माणसाला ती बायोतूनच कळायची असतात. पाचही वेळा तुम्ही बहुधा शब्द बदललेत. कुणाला, काय, कधीपर्यंत देणार हे ठरवलं नाहीत. ते ठरलं की बायो लिहायला दहा मिनिटं पुरतात. मी गेली बरीच वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती खाद्यव्यवसायांची पानं लावून देते, त्यात सगळ्यात जास्त वेळ या ठरवण्यातच जातो.

त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. अकाउंट प्रोफेशनल करून घेतलं असेल तर इनसाइट्समध्ये गेल्या महिनाभरात प्रोफाइल किती जणांनी पाहिली आणि लिंक किती जणांनी दाबली, हे दोन आकडे दिसतात. प्रोफाइल बघणारेच मोजके असतील, तर अडचण बायोत नाही. लोक तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि तो विषय रील, लोकेशन टॅग आणि सोसायट्यांच्या ग्रुपचा आहे. बघणारे बरेच आणि लिंक दाबणारे अगदी थोडे असतील, तर बायोवर काम करा. दाबणारेही बरेच असतील आणि तरी मेसेज येत नसतील, तर गळती लिंकच्या पलीकडे आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा आणि तिसरा असे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात.

वचन म्हणजे नेमकं काय

मी वचन त्याला म्हणते, ज्यावरून गिऱ्हाईक तुम्हाला जाब विचारू शकेल. "प्रेमाने बनवलेलं" याचा जाब कोण विचारणार? "ताजं" हेही तसंच, शिळं विकतो असं कुणीच लिहीत नाही. "पूर्ण एगलेस" म्हटलं की जाब विचारता येतो. "दोन दिवस आधी सांगा, केक तयार" म्हटलं की विचारता येतो. "माजिवडा ते कासारवडवली घरपोच" म्हटलं की तर नक्कीच येतो. असं वाक्य लिहिताना थोडी भीती वाटायला हवी. वाटत नसेल तर वाक्य पोकळ आहे असं समजा.

ते शोधायचं कुठे? तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये. गेल्या दोन महिन्यांचे ऑर्डरचे चॅट उघडा, एक वही घ्या आणि प्रत्येक ऑर्डरसमोर तीन गोष्टी लिहा: काय घेतलं, कुठल्या भागातून, आणि गिऱ्हाइकाने *पहिला* प्रश्न कोणता विचारला. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. पहिल्या मेसेजमध्ये माणूस तेच विचारतो ज्यावर त्याचा निर्णय अडलेला असतो. ऑर्डर न दिलेल्यांचे चॅटही सोडू नका. कुणी "मुलुंडला देता का?" विचारून गप्प झालं, कुणी "आज संध्याकाळी मिळेल?" विचारून गेलं, ते सगळं याच वहीत येऊ द्या.

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंबरोबर मी हे केलं, ते तुमच्या अगदी जवळचं आहे म्हणून तपशिलात सांगते. त्यांच्या पानावर केक, ब्राउनी, कुकीज, टी-केक, चॉकलेट आणि हॅम्पर असं सगळं होतं. वही भरल्यावर दिसलं की ऑर्डर बहुतेक वाढदिवसाच्या केकच्या. ब्राउनी जायच्या, पण केकबरोबर, वरून मागवलेल्या. कुकीज फक्त दिवाळीत आणि राखीला. पहिला प्रश्न जवळपास सगळीकडे "अंडं नाही ना?" आणि त्याच्या खालोखाल "शनिवारी मिळेल का?" किंमत नंतर यायची. म्हणजे त्यांचं दुकान लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बायोला तेवढा पत्ता नव्हता.

त्यांना वाटत होतं, फक्त वाढदिवसाचा केक लिहिला तर ब्राउनी मागणारा निघून जाईल. ही भीती सगळ्यांना असते, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, एखादा जाईलही. पण ब्राउनीचे फोटो खाली ग्रिडमध्ये आहेतच, हायलाइटमध्ये मेन्यू आहे, आणि केक मागवायला आलेला माणूस ब्राउनी विचारतोच. बायोत सहा पदार्थ लिहिले की वाचणाऱ्याला तुम्ही कशात पक्क्या आहात ते कळत नाही, आणि वाढदिवसासारख्या दिवसासाठी माणूस पक्का हात शोधत असतो.

फ्रिजचा खण

आता शीर्षकातल्या फ्रिजबद्दल. वचन किती मोठं द्यायचं हे ओव्हनपेक्षा फ्रिज ठरवतो. साधारण किलोभराच्या क्रीम केकला 10 इंची डबा लागतो. घरच्या डबल डोअर फ्रिजच्या एका खणात असा एकच डबा नीट बसतो. दुसरा तिरका घालावा लागतो, मग कोपऱ्यावरचं क्रीम डब्याला लागतं. वर घरचं दूध, भाजी, भिजवलेली डाळ आहेच. त्या ताईंनी खण रिकामे करून, डबे ठेवून बघितलं, तर शनिवारी तीन केक हीच खरी मर्यादा निघाली. ओव्हनमध्ये सहा स्पंज होतील हो, पण आयसिंग केल्यावर ते ठेवायचे कुठे?

वेळेचंही असंच आहे. स्पंज आदल्या दिवशी भाजून पूर्ण गार करायचा, गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पहिला पातळ क्रीमचा थर, तो घट्ट होईपर्यंत फ्रिजमध्ये, मग वरचं काम. गरम स्पंजवर घाईत क्रीम लावलं की ते सुटतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यात फोंडंटची खेळणी, नावाची अक्षरं असतील तर ती वाळायला वेळ हवा. म्हणून "आजच्या आज" हे वचन घरगुती बेकरीने देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ते कोपऱ्यावरच्या बेकरीचं काम आहे, तिच्याकडे काचेच्या कपाटात केक तयारच असतात. तुमचं वचन "दोन दिवस आधी" हे असू द्या, आणि उघडपणे लिहा. त्याने आयत्या वेळचे मेसेज कमी होतात, आणि बुधवारी विचारणाऱ्या आईला शनिवारची खात्री मिळते.

भागाचं वचनही याच हिशोबाने द्या. घोडबंदर रोडवर गायमुखच्या बाजूला गाड्या अडकल्या की केक रिक्षात किती वेळ बसेल सांगता येत नाही, आणि व्हिप्ड क्रीमला ऑक्टोबरची दुपार सोसत नाही. तुम्ही स्वतः किंवा घरचं कुणी ज्या टापूत हमखास पोचवू शकता तेवढाच लिहा. "संपूर्ण ठाणे" लिहिलं की कळव्याहून फोन येतो, तुम्ही नाही म्हणता, आणि दोघांचाही वेळ जातो. लिहिताना लोक जी नावं बोलतात तीच वापरा: माजिवडा, मानपाडा, वाघबीळ. नवी मुंबईत असतात तर मी नोडचं नाव लिहायला सांगितलं असतं, नेरूळ, सीवूड्स वगैरे, कारण तिथला माणूस तसाच विचार करतो. वाशीची बाई ऐरोलीला जवळ मानत नाही.

"पूर्ण एगलेस" लिहिण्याआधी मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. त्याच बीटरने, त्याच टिनमध्ये कधी अंड्याचा केक होतो का? होत असेल तर "पूर्ण" हा शब्द काढा आणि "एगलेसही मिळेल" एवढंच लिहा. ठाण्यात ज्यांना अंडं चालत नाही त्या घरांत ही बाब श्रद्धेची असते, तिथे शब्दाशी खेळ नको. जैन गिऱ्हाइकांसाठी काही लिहिणार असाल तर आणखी एक बघा: बाजारातल्या मार्शमॅलोत, काही तयार फोंडंटमध्ये, मूस आणि चीजकेकच्या बऱ्याच कृतींत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून येतं. एगलेस असलेला केक त्यामुळे शाकाहारी असेलच असं नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, लागलं तर अगर-अगर वापरा, आणि मगच ते वचन द्या.

आता लिहायला बसू

आधी नावाचा रकाना. हँडलच्या वेगळा, ठळक दिसणारा जो `Name` असतो तो. बहुतेक जणी तिथे बेकरीचं नाव पुन्हा लिहितात, जे हँडलमध्ये आहेच. इन्स्टाग्रामवरचा शोध या रकान्यातले शब्दही धरतो, म्हणून इथे लोक जे टाइप करतात ते घाला. आणि ठाण्यातला मराठी माणूससुद्धा शोधताना रोमन अक्षरांतच टाइप करतो. म्हणून बायो मराठीत ठेवलात तरी हा रकाना असा असू द्या:

```
Eggless Birthday Cakes Thane
```

एक सावधगिरी: हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं. वही भरून झाल्यावरच हात लावा.

बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे जागा वाटते त्याहून लवकर संपते; बायो लिहिताना उरलेल्या अक्षरांचा आकडा समोर असतो, त्यावर नजर ठेवा. त्या ताईंचा पहिला मसुदा असा होता: "आमच्याकडे सर्व प्रकारचे ताजे व स्वादिष्ट एगलेस केक, ब्राउनी व कुकीज ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतील." वाचायला गोड, पण "सर्व प्रकारचे", "ताजे", "स्वादिष्ट", "बनवून मिळतील" हे सगळं काढलं तरी काही हरवत नाही. जे उरतं ते वहीशी ताडून बघितलं, आणि शेवटी हे ठरलं:

```
पूर्ण एगलेस वाढदिवसाचे केक
माजिवडा ते कासारवडवली घरपोच
ऑर्डर 2 दिवस आधी
तारीख मोकळी आहे का? खाली विचारा
```

हे शंभरीच्या थोडं पुढे जातं, म्हणजे जागा उरते. ती भरू नका. पहिली ओळ वचन, दुसरी आणि तिसरी त्या वचनाच्या हद्दी, चौथी पुढे काय करायचं ते सांगते. चौथ्या ओळीवर आम्ही बराच वेळ घालवला. आधी "ऑर्डरसाठी लिंक दाबा" होतं. पण पहिल्यांदा आलेला माणूस ऑर्डर द्यायला तयार नसतो, त्याला फक्त विचारायचं असतं. शनिवारी तीनच केक होतात हे ठरल्यावर "तारीख मोकळी आहे का?" हा प्रश्न खराही होता आणि विचारायला सोपाही. तुमचे गिऱ्हाईक मराठी, गुजराती, दाक्षिणात्य असे मिश्र असतील, आणि घोडबंदरला ते असतातच, तर याच चार ओळी इंग्रजीत लिहा. ओळींची कामं तीच राहतात.

किंमत लिहावी का? हे परिस्थितीवर आहे. वहीत पहिलाच प्रश्न "किती?" असा असेल आणि आकडा ऐकून बरेच जण गप्प होत असतील, तर तिसऱ्या ओळीत "अर्धा किलो इतक्यापासून" असं घाला, ज्यांना परवडत नाही त्यांचा आणि तुमचा त्रास वाचेल. किंमत नंतर विचारली जात असेल तर ती बायोत नको, पहिल्या उत्तरात द्या. पण द्याच. "डीएममध्ये सांगते" हे उत्तर ऐकून माणूस बिचकतो.

अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक बायोत घालावा का, असं पुष्कळ जणी विचारतात. तो 14 अंकी आहे, आणि वाचणाऱ्याला त्या जागी त्याचा उपयोग नाही. नोंदणीचं एक हायलाइट करा, डब्यावर आणि बिलावर क्रमांक छापा. नोंदणीच नसेल, तर बायो बाजूला ठेवून आधी `foscos.fssai.gov.in` वर अर्ज करा. घरून विकत असलात तरी ती लागते.

आणि घराचा पत्ता. प्रोफेशनल अकाउंट करताना फोन, ईमेल, पत्ता मागतात, ते भरलं की प्रोफाइलवर बटणं म्हणून दिसू शकतात. फ्लॅट नंबर तिथे टाकू नका. कोण कधी दारात उभं राहील सांगता येत नाही, आणि दुपारी तुम्ही एकट्या असता. पिकअप असेल तर पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर द्या. संपर्काची ती बटणं `Edit profile` मधून दिसेनाशी करा. त्याने दुसराही फायदा होतो: एका लिंकशेजारी फोनचं आणि ईमेलचं बटण उभं असेल, तर लिंक एकच आहे असं म्हणण्यात अर्थ उरत नाही.

लिंक कुठे नेणार

इन्स्टाग्राम आता पाच लिंका लावू देतं. दोन किंवा जास्त लावल्या की प्रोफाइलवर पहिली दिसते आणि बाकीच्यांची फक्त संख्या. त्या बघायला आणखी एकदा दाबावं लागतं. म्हणजे बाकीच्या चार जवळजवळ वाया. सात बटणांच्या पानाचंही तेच. एकच ठेवा.

ती कुठली, हे विक्री कशी होते त्यावर ठरतं. वाढदिवसाचा केक बोलून ठरतो. तारीख, वजन, फ्लेवर, वर युनिकॉर्न की क्रिकेटचं मैदान, नाव कसं लिहायचं. तिथे लिंक थेट व्हॉट्सअॅपवर गेली पाहिजे. याउलट नेरूळला एक जण फक्त सावरडो ब्रेड करतात, आठवड्यातले भाजायचे वार ठरलेले, किंमत ठरलेली, पिकअपची वेळ ठरलेली. बोलण्यासारखं काहीच नाही. त्यांची लिंक साध्या गुगल फॉर्मवर जाते: किती पाव, कुठला वार, नाव, नंबर. त्यांना व्हॉट्सअॅप दिलं असतं तर दिवसभर तीच तीच उत्तरं द्यावी लागली असती. तुमच्या गिऱ्हाइकाला फॉर्म दिलात तर ती तिसऱ्या प्रश्नाला कंटाळून निघून जाईल.

तुमच्यासाठी व्हॉट्सअॅपची अशी लिंक करा, जी उघडली की मेसेज अर्धा लिहिलेलाच असेल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Cake%20enquiry%0ADate%3A%0AArea%3A%0AKg%3A
```

`91` नंतर दहा अंकी नंबर सलग; आधी शून्य नको, `+` नको, मध्ये मोकळी जागा नको. `%20` म्हणजे शब्दांमधली जागा, `%0A` म्हणजे नवी ओळ, `%3A` म्हणजे दोन टिंबं. मराठीत मजकूर हवा असेल तर हाताने लिहिलेली ही लिंक भलतीच लांब होते. त्यापेक्षा व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमधून शॉर्ट लिंक तयार करा, तिथे तयार मेसेज साध्या मराठीत लिहिता येतो आणि `wa.me/message/` ने सुरू होणारी आटोपशीर लिंक मिळते.

तयार मेसेजमध्ये तीनच गोष्टी विचारा: तारीख, भाग, किलो. ही तीन कळली की तुम्ही हो किंवा नाही सांगू शकता. फ्लेवर, थीम, नाव, अॅलर्जी हे सगळं "हो" म्हटल्यावर. त्या ताईंनी आधी आठ ओळींचा मेसेज केला होता. लोक तो पुसून नुसतं "हाय" पाठवायचे, आणि "हाय" ला काय उत्तर देणार? तीन ओळींवर आणल्यावर माहिती भरून येऊ लागली.

लिंक `Edit profile` मधल्या `Links` मध्येच घाला. बायोच्या मजकुरात लिहिलेली लिंक दाबली जात नाही, नुसती अक्षरं दिसतात. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, ज्यात तुमचा नंबर सेव्ह नाही अशा, इन्स्टाग्राम उघडून ती दाबा. जमलं तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवरून. नंबरातला एक अंक चुकला तर तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो. तुमच्या दृष्टीने फक्त मेसेज यायचे थांबतात.

मेसेज आल्यावरचं पहिलं उत्तर हा बायोचाच पुढचा भाग समजा. बायोत "तारीख मोकळी आहे का" विचारायला सांगितलंय, तर उत्तराची सुरुवात तारखेनेच व्हायला हवी: "शनिवार मोकळा आहे. वाघबीळला पोचवते. एक किलोचा इतके रुपये." त्याऐवजी मेन्यूची बारा पानी पीडीएफ गेली, की समोरची व्यक्ती "बघून सांगते" म्हणते आणि सांगत नाही. हे वाक्य बिझनेस अॅपच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवा, दरवेळी फक्त वार आणि भाग बदला. रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी अवे मेसेज लावा, त्यात उत्तर सकाळी किती वाजता मिळेल ते लिहा.

लावल्यावर काय बघायचं

बायो आणि लिंक लावली की तीन आठवडे हात लावू नका. पाचदा बदलल्यामुळे कशाने काय झालं हे तुम्हाला कळलंच नाही. या काळात येणारे चुकीचे मेसेज जपून ठेवा, कारण कुठली ओळ कच्ची आहे ते तेच सांगतात. मुलुंडहून, डोंबिवलीहून विचारणा येत राहिली तर भागाची ओळ नीट वाचली जात नाही, ती वर घ्या. "आज मिळेल?" येत राहिलं तर तिसरी ओळ. "अंड्याचा करता का?" असं वारंवार विचारलं जात असेल, तर "पूर्ण एगलेस" या वचनाची तुमच्या टापूत गरज कमी आहे का, हे वहीत पुन्हा बघा. लिंक दाबल्याचा आकडा वाढला आणि मेसेज मात्र तेवढेच राहिले, तर लिंक तुटलेली आहे किंवा तयार मेसेज लांब आहे.

सणासुदीला बायो पूर्ण बदलायचा मोह होतो. राखीच्या ब्राउनी, दिवाळीचे हॅम्पर, डिसेंबरचा प्लम केक पिन केलेल्या पोस्टमध्ये आणि स्टोरीत ठेवा. पहिली ओळ वर्षभर तीच राहू द्या, कारण वाढदिवस बाराही महिने येतात. दिवाळीत खरंच केक बंद ठेवून फक्त हॅम्पर करणार असाल, तर त्या तीन आठवड्यांपुरती तिसरी ओळ बदला: "दिवाळीपर्यंत फक्त हॅम्पर, केक अमुक तारखेपासून." लिंक तीच, तयार मेसेजमधलं `Kg` काढून `Box` करा.

सात लिंकांच्या पानावरचं काही फेकायची गरज नाही. मेन्यू आणि दर एका हायलाइटमध्ये, गिऱ्हाइकांचे अभिप्राय दुसऱ्यात, नोंदणी तिसऱ्यात. यूट्यूब आणि फेसबुक काढून टाका. तुमचं गिऱ्हाईक इन्स्टावर आलेलंच आहे, त्याला परत बाहेर कशाला पाठवायचं?

वही भरून झाली की पहिल्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय आलं आणि लोकांचा पहिला प्रश्न कोणता होता, ते इथे लिहा. आणि तुम्ही अंड्याचे केक करता की नाही, तेही सांगा. त्यावरून पहिली ओळ एकत्र बसून पक्की करू.